हृदयविकाराचा झटका आणि चावून घ्यावयाची ॲस्पिरिन

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीतील चरबीचा थर फुटला, की त्या जागी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी, एकमेकींना चिकटून गुठळी वाढवतात आणि धमनी बंद पडते. ॲस्पिरिन हे औषध ही चिकटण्याची क्रिया रोखते. झालेली गुठळी ते विरघळवत नाही, परंतु तिची वाढ आवरते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या मोठ्या चाचणीत झटक्यानंतर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन महिनाभर दिल्याने, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे पाच आठवड्यांत होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याच्या एखाद्या गावात साठीतील शेतकऱ्याच्या छातीत मध्यरात्री दाबल्यासारखे दुखू लागले, कळ डाव्या हातात व जबड्यात गेली आणि दरदरून घाम सुटला, तर ते पित्त किंवा गॅस समजून सकाळपर्यंत थांबू नये. प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला बसवून ठेवावे आणि तो शुद्धीवर असून त्याला गिळता येत असेल, तरच गोळी द्यावी.

सर्वसाधारण मात्रा १६० ते ३२५ मिलिग्रॅम असते. घरात केवळ ॲस्पिरिन असलेल्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील, तर चार गोळ्या एकदाच चावून खाव्यात. यांतील बऱ्याच गोळ्यांवर पोटात उशिरा विरघळणारे आवरण असते, त्यामुळे त्या अख्ख्या गिळल्यास परिणाम लांबतो आणि चावल्यास काही मिनिटांत सुरू होतो. मात्र पाकिटावर ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल किंवा ॲटोरव्हास्टॅटिन अशी नावे असल्यास ती मिश्र गोळी असते, तिच्या चार गोळ्या देऊ नयेत; पॅरासिटामॉल हा तर ॲस्पिरिनचा पर्यायच नव्हे.

ज्याला ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे, वेदनाशामक गोळीने ज्याचा दमा उसळतो, ज्याला रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत आहे, रक्तस्रावाचा आजार आहे अथवा डेंग्यूची शंका आहे, त्याला ॲस्पिरिन देऊ नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास किंवा पूर्वी अल्सर झाला असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. त्यात मेंदूत रक्तस्राव झाला आहे की गुठळी, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नसल्याने घरी ॲस्पिरिन वर्ज्य आहे. छातीतील वेदना एकाएकी, फाटल्यासारखी होऊन पाठीत उतरत असेल, तर महाधमनीची भिंत चिरल्याची शक्यता असते आणि तेव्हाही गोळी टाळावी.

गोळी शोधण्यात वा आणण्यात वेळ घालवून रुग्णालयात जाणे लांबवू नये, कारण बंद धमनी उघडण्याचे काम तेथील इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टीच करते. गोळी घेतल्याची वेळ व मिलिग्रॅम लिहून रिकाम्या पाकिटासह रुग्णासोबत पाठवावे, म्हणजे डॉक्टर तीच मात्रा पुन्हा देणार नाहीत.