चार चिठ्ठ्या, एकच आकडा
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



गावात रक्त तपासणी झाली, त्यानंतर एका ताईंनी घरातल्या चार चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. त्यांची स्वतःची, तीन महिन्यांच्या गरोदर जावेची, चार वर्षांच्या मुलाची आणि सासऱ्यांची. चौघांचंही एचबी साडेअकराच्या आसपास. ताई म्हणाल्या, "सगळ्यांचं सारखंच आहे, म्हणजे बरंच असेल की!"

आकडा सारखा, पण अर्थ सारखा नाही. मुलाचं ठीक होतं, कारण दोन ते पाच वर्षांच्या मुलाला ११ पुरतं. जावेचंही ठीक. गरोदरपणात रक्तातल्या लाल पेशी वाढतात, पण पाणी त्याहून जास्त वाढतं. आमटीत थोडी डाळ आणि बरंच पाणी वाढवलं तर ती पातळ होते ना, तसंच. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत आणि शेवटच्या तीन महिन्यांत ११, तर मधल्या काळात साडेदहापर्यंत चालतं. ताईंना मात्र किमान १२ हवं होतं. त्यांचं कमी निघालं.

आणि सगळ्यात कमी कोणाचं? सासऱ्यांचं. पुरुषाला किमान १३ लागतं.

हा फरक का? मला आधी वाटायचं, पाळीमुळे. पण मुख्य कारण पुरुषी हार्मोन. ते हाडांतल्या मगजाला जास्त रक्त बनवायला लावतं. म्हणून तर पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला आणि मुलीला साडेअकरा हीच एक मर्यादा आहे. फरक वयात आल्यावर पडतो. पाळीत लोह जातं हे खरंच, पण त्यामुळे एचबी १२ च्या खाली गेलं तर तो आजार धरायचा. "बायकांचं असंच असतं" म्हणून सोडायचं नाही.

सासऱ्यांबद्दल घरचे म्हणाले, "वय झालं, रक्त कमी होणारच." तायांनो, म्हातारपणाला वेगळी सूट नाही. आजोबांना १३ आणि आजीला १२ च. त्या वयात कमी झालं तर कुठेतरी कारण असतं. मी विचारलं, गोळ्या कुठल्या घेतात? गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, रोज, कितीतरी महिने. शौचाला डांबरासारखी काळी होते का? हो म्हणाले. (लोहाच्या गोळीनेही काळी होते, पण ते ती घेत नव्हते.) त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. पोटात जखम होती, तिथून रक्त झिरपत होतं. नुसती लोहाची गोळी देत बसलो असतो तर ती कळलीच नसती.

ताईंनाही विचारलं. पाळी आठ-आठ दिवस चालायची, हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. आता आशाताईंबरोबर जाऊन त्या डॉक्टरांना दाखवून आल्या आहेत. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, चहाबरोबर न घेता.