बोटांच्या कडेचा साबुदाणा

आजचा विषय तसा छोटासा आहे, अगदी टाचणीच्या डोक्याएवढा. पण ज्याला होतो त्याला रात्री दोन वाजता उठून हात नळाखाली धरावासा वाटतो. बोटांच्या कडेला, म्हणजे दोन बोटं एकमेकांना चिकटतात तिथे, बारीक पाणीदार फोड येतात. नीट बघितलं तर कातडीखाली साबुदाण्याचे दाणे पेरल्यासारखे दिसतात. आधी खाज येते, एक-दोन दिवसांनी दाणे दिसतात, आणि दोन-तीन आठवड्यांत ते सुकून कातडी सोलायला लागते. याला डिसहायड्रॉटिक एक्झिमा म्हणतात. जुनं नाव पॉम्फोलिक्स.

नावाची एक गंमत आहे. १८७३ मध्ये लंडनच्या टिलबरी फॉक्स या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांना वाटलं की घाम बाहेर पडायच्या वाटेत अडकतो आणि त्याचे फोड होतात. म्हणून नावात घाम आला. पुढे कातडीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर कळलं की घामाच्या ग्रंथी ठीकठाक असतात. कातडीच्या वरच्या थराला सूज येते, पेशींच्या मधे पाणी साचतं आणि त्याचा फोड होतो. तळहाताची आणि बोटांची कातडी जाड असल्यामुळे तो लगेच फुटत नाही, आत रुतून बसल्यासारखा दिसतो. घामाने त्रास वाढतो हे खरं, पण फोडात घाम नसतो.

आता माझं सांगतो. मी पुण्यात राहतो, ऑफिसला बाइकने जातो. गेल्या वर्षी जून ते ऑगस्ट या काळात मला हे तीन वेळा झालं, दोन्ही हातांना, साधारण सारखंच. दुसऱ्या वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. मॅडमनी हात बघितले, खरूज नाही ना याची खात्री केली. घरात अजून कुणाला खाज आहे का, मनगटावर, बेंबीच्या आसपास काही आहे का, असं विचारलं. आणि मग म्हणाल्या, "बूट-मोजे काढा."

मी म्हटलं, मॅडम, त्रास हाताला आहे. त्या म्हणाल्या, काढा तर खरं.

डाव्या पायाच्या करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजल्यासारखी झाली होती, मधे एक चीर. चिखल्या. पावसात भिजलेले बूट, त्यात दिवसभर एसीत बसायचं, आपल्याकडे पावसाळ्यात निम्म्या ऑफिसला होतं. खाज फारशी नव्हती, त्यामुळे ते दाखवायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात येत नाही. त्यांनी तिथली थोडी कातडी खरवडून काचपट्टीवर घेतली, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. बुरशीचे धागे दिसले. हातावरच्या फोडाची कातडी तशीच तपासली, तिथे काहीच नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे. पायाला बुरशी आणि हाताला फोड, पण हातात बुरशी नाही. शरीराची प्रतिकारशक्ती पायातल्या बुरशीशी भांडत असते आणि त्याचा पडसाद हातावर उमटतो. डॉक्टर याला इड रिअॅक्शन म्हणतात. हाताला कितीही मलम चोपडा, पाय तसाच राहिला तर महिन्याभराने साबुदाणा पुन्हा हजर. सगळ्यांचं कारण हेच असतं असं मुळीच नाही. निकेलची अॅलर्जी, सतत साबणपाण्यात हात, उन्हाळा, झोप उडवणारा ताण, लहानपणापासूनचा दमा किंवा एक्झिमा, अशी बरीच कारणं आहेत, आणि पुष्कळांना शेवटपर्यंत कारण सापडतच नाही. पण पाय बघायला एक मिनिट लागतं, म्हणून ते आधी.

उपचार दोन वेगळे होते आणि दोन वेगळ्या जागी. पायाला टर्बिनाफिन एक टक्का क्रीम, दोन आठवडे. चीर दोन-तीन दिवसांत भरली तरी सोडायचं नाही, आणि बेचक्याच्या बाहेर दोनेक सेंटिमीटरपर्यंत लावायचं. आंघोळीनंतर बोटांमधलं पाणी वेगळ्या टॉवेलने टिपायचं. चड्डी घालायच्या आधी मोजे घालायचे, नाहीतर पायाची बुरशी जांघेत जाते. हा सल्ला ऐकून मी हसलो होतो, पण पाळतो.

हाताला क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड, रोज रात्री एकदा, दोन आठवडे. मग एक आठवडा दिवसाआड, आणि बंद. किती लावायचं याचं माप फार सोपं आहे. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि एका पूर्ण हाताला, मागून-पुढून, पुरते. म्हणजे दोन हातांना रोज एक ग्रॅम, चौदा दिवसांत चौदा. फक्त बोटांच्या कडा असतील तर त्याहून बरंच कमी. पंधरा ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपत असेल तर जास्त लावताय, आणि सहा महिने पुरत असेल तर मधूनमधून मनाला येईल तेव्हा लावताय. दोन्ही चूक. स्टेरॉइड लांबलं की कातडी पातळ होते.

फोड फुटून पाणी येत असेल तेव्हा पोटॅशियम परमँगनेटचं अगदी फिकट गुलाबी पाणी करून त्यात दहा-पंधरा मिनिटं हात बुडवायचे. पाणी जांभळं दिसलं तर ते जास्त झालं. नखं तपकिरी होतात, म्हणून आधी नखांना व्हॅसलिन. कातडी सुकली की हे थांबवायचं, कारण त्यानंतर ते उलट कोरडं पाडतं. सोलण्याच्या टप्प्यावर साधं व्हॅसलिन, प्रत्येक वेळी हात धुतल्यावर. फोड सुईने फोडायचे नाहीत. पिवळं पाणी, ठणका किंवा लाली पसरताना दिसली तर जंतुसंसर्ग समजून लगेच डॉक्टर.

एक तक्रार मात्र करणारच. दुकानात "खाजेचं मलम द्या" म्हटलं की जी ट्यूब मिळते, तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. हाताला त्याने चार दिवस बरं वाटतं. तीच ट्यूब चिखल्यांना किंवा गजकर्णाला लावली की स्टेरॉइडने लाली-खाज दबते, आणि बुरशी खाली पसरत राहते. चकत्यांची कड पुसट होते, मग डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. नावाच्या शेवटी "सोल" किंवा "सोन" असेल तर ते बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. बऱ्याचदा म्हणतोय, कारण काही बुरशीच्या औषधांची नावं "झोल" ने संपतात, आणि ती ऐकायला तशीच वाटतात.

मागच्या भागानंतर एकीने विचारलं होतं, नवऱ्याच्या हाताला हे आहे, तर त्याने कणीक मळावी का? फोडातल्या पाण्याने हे दुसऱ्याला लागत नाही, मळू दे. पण हात चिरलेले असतील तर ओलं पीठ त्यालाच झोंबेल. सुती मोजे आणि त्यावर रबरी हातमोजे घालून भांडी घासणं त्याला जास्त जमेल, वीसेक मिनिटांच्या आत, म्हणजे आत घाम साचत नाही. त्याच्या पायाला चिखल्या असतील तर त्या मात्र घरभर पसरतात. बाथरूमची पायपुसणी आजच धुवायला टाका.