गूळ, साखर आणि एक निळी परीक्षानळी
(हीरक महोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहात पालक व माजी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सव समितीने माझ्याकडे विषय सोपवला तो प्रश्नाच्या रूपात. गूळ हा साखरेपेक्षा रासायनिकदृष्ट्या वेगळा पदार्थ आहे काय, आणि त्यात उष्मांक कमी असतात काय? हे एकाच वाक्यात विचारले जात असले, तरी हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे दोन दिशांना जातात. पहिल्याचे उत्तर ‘होय, थोडासा’ असे आहे. दुसऱ्याचे ‘जवळजवळ नाही’ असे. घोटाळा होतो तो पहिल्या उत्तराच्या बळावर दुसरे गृहीत धरल्यामुळे.

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत बेनेडिक्टचे निळे द्रावण असते. जुन्या पिढीतील मंडळींना ते आठवत असेल, कारण पट्ट्या निघण्यापूर्वी लघवीतील साखर याच द्रावणाने तपासत असत. दोन परीक्षानळ्यांत प्रत्येकी ५ मिलिलिटर हे द्रावण घ्यावे. एकीत पांढऱ्या साखरेच्या पाण्याचे आठ-दहा थेंब टाकावेत, दुसरीत गुळाच्या पाण्याचे, आणि दोन्ही नळ्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे धराव्यात. साखरेची नळी निळीच राहते. गुळाची मात्र हिरवट, मग पिवळसर आणि शेवटी विटकरी होते. म्हणजे गुळात असे काहीतरी आहे जे साखरेत नाही. गुळाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी येथे टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण प्रयोग अजून अर्धाच झाला आहे.

आता साखरेचे पाणी दुसऱ्या नळीत घेऊन त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार-पाच थेंब टाकावेत आणि पाच मिनिटे उकळावे. नंतर खाण्याचा सोडा चिमटीने घालत राहावे, फसफस थांबली की आम्ल मारले गेले असे समजावे. या पाण्याची बेनेडिक्टशी गाठ घालून दिली की ही नळीही विटकरी होते. बाहेरून गोडाचा एक कणही न घालता साखरेने गुळासारखी खूण दाखवली.

कारण असे. आपण ज्याला साखर म्हणतो ते सुक्रोज, C₁₂H₂₂O₁₁. त्याचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान शर्करांची जोडी. जोडी अखंड असते तेव्हा बेनेडिक्टच्या द्रावणाला ती दाद देत नाही. आम्ल व उष्णता मिळाली की जोडी फुटते आणि सुट्या झालेल्या शर्करा रंग पालटवतात. हलवाई पाकात लिंबू पिळतो तोही याचसाठी: थोडी साखर फुटली की पाक पुन्हा दाणेदार होत नाही. गुळात ही फुटलेली साखर तयार होऊनच आलेली असते. पण बहुतांश गूळ, साधारणपणे ६५ ते ८५ टक्के, म्हणजे साखरेच्या डब्यातले तेच सुक्रोज होय. उसातून निघालेला त्याचा रेणू गुऱ्हाळात गेला काय आणि कारखान्यात गेला काय, त्याच्या घडणीत फरक पडत नाही.

मग फरक कोठे पडतो, हे पाहण्यासाठी कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात जायला हवे. चरकातून निघालेला रस काहिलीत येतो. तो मुळातच किंचित आंबट असतो, म्हणून त्यात चुन्याची निवळी घालतात. आम्ल तसेच राहिले तर आपण नळीत मुद्दाम घडवले ते काहिलीत नकळत घडेल आणि अधिक सुक्रोज फुटेल. भेंडीच्या बुळबुळीत रसाने गाळ वर येतो, तो मळी म्हणून काढून टाकतात. पुढे तास-दोन तास आटवणे चालते. पाक ११५ ते १२० अंशांच्या दरम्यान आला की गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून गोळी वळते का ते पाहतो, आणि तापमापक न लावता काहील उतरवण्याचा क्षण ठरवतो. तो क्षण चुकला, किंवा ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिलेला असला, तर ढेप घट्ट बसत नाही. शिळ्या उसात ही जोडी शेतातच फुटू लागलेली असते आणि अशा रसाचा गूळ चिकट होतो. पावसाळ्यात गुळाला पाझर फुटतो त्याचे कारणही हेच, कारण सुटे फ्रुक्टोज हवेतील ओल ओढून घेते.

साखर कारखान्यातही सुरुवात रस आणि चुना यांनीच होते. आपल्याकडील बहुतेक कारखान्यांत गंधकाचा धूरही रसातून सोडतात. पण तेथे पाक निर्वात भांड्यात, म्हणजे हवेचा दाब उतरवून, कमी तापमानावर आटवतात. त्यामुळे तो करपत नाही आणि फारसा फुटतही नाही. स्फटिक तयार झाले की गरगर फिरणाऱ्या जाळीदार पिंपात स्फटिक आत राहतात आणि भोवतालचा काळा पाक बाहेर फेकला जातो. कारखान्यातील मळी ती हीच. (गुऱ्हाळातील मळी आणि ही मळी नावाने एक असल्या तरी वस्तू निराळ्या.) गुऱ्हाळात हे वेगळे करणे होतच नाही. स्फटिक आणि काळा पाक एकत्रच ढेपेत थिजतात. फुटलेली साखर, पोटॅशियम-कॅल्शियमसारखी खनिजे, थोडे लोह, उसातील काही रंगद्रव्ये, आटवताना तयार झालेला खमंगपणा आणि थोडे पाणी हे सर्व त्या पाकाचे देणे आहे. गूळ आणि साखर यांतील रासायनिक अंतर म्हणजे ही न काढलेली मळी होय.

आता उष्मांकांकडे वळू. येथे आपल्याच शहराचे एक भूषण उपयोगी पडते. तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांतील अनेक वर्षे वापरात असलेल्या तक्त्यात १०० ग्रॅम साखरेला ३९८ आणि १०० ग्रॅम गुळाला ३८३ कॅलरी दिलेल्या आहेत. हा १५ कॅलरींचा फरक आला कोठून? त्याच तक्त्यात गुळातील पाणी ३.९ ग्रॅम आणि खनिजे ०.६ ग्रॅम आहेत, आणि या दोहोंनाही उष्मांक नसतात. उरलेल्या पिष्टमय भागाला ग्रॅममागे ४ कॅलरी धरल्या की हिशेब जुळतो. म्हणजे गुळाची गोडी कमी उष्मांकांची नव्हे; गुळाच्या वजनात थोडे पाणी मोजले गेले एवढेच. ओलसर गुळात १० टक्के पाणी असेल तर आकडा ३५८ च्या आसपास उतरेल. पण तो गूळ कमी गोड लागतो म्हणून आपण खडा मोठा घेतो, आणि वाचलेल्या कॅलरी त्या खड्याबरोबर परत येतात.

संक्रांतीचे उदाहरण घेऊ. पाव किलो तीळ, पाव किलो गूळ आणि त्यांचे २५ लाडू. गुळाच्या सुमारे ९५७ कॅलरी झाल्या. तेवढीच साखर घातली असती तर ९९५. फरक ३८ कॅलरींचा, तो २५ लाडवांत वाटला की एका लाडवामागे दीड कॅलरी. तिळाच्या कॅलरी १४०० च्या वर जातात, कारण तिळात तेल आहे. एक लाडू ९५ कॅलरींचा होतो आणि साखरेचा केला असता तर साडेशहाण्णवचा झाला असता. गुळाचे लाडू म्हणून तिसरा उचलणाऱ्याने स्वतःची किती बचत केली, हे आता त्यालाच काढता येईल.

या हिशेबात थट्टा थोडी आणि काळजी अधिक आहे. अनेक घरांत मधुमेह असलेल्या आजी-आजोबांना साखर बंद आणि गूळ मोकळा असतो. ‘गूळ हळूहळू पचतो’ असे त्यामागचे कारण सांगितले जाते. आपण नळीत आम्लाने जे केले, ते लहान आतड्याच्या अस्तरावरील सुक्रेज नावाचे विकर काही क्षणांत करते. सुक्रोज साखरेतून आले की गुळातून, हे त्या विकराला कळत नाही. शिवाय गुळाचा काही भाग तर आधीच फुटलेला, त्याला तेवढीही वाट पाहावी लागत नाही. गुळात शोषण मंद करील असा चोथाही नसतो. मधुमेह्याने गूळ साखरेच्याच मापात मोजावा. ज्यांना इन्सुलिन किंवा गोळ्या चालू आहेत त्यांच्या बाबतीत तर हे डॉक्टरांना सांगूनच ठरवावे.

लोहाविषयीही एक शब्द. गुळात लोह आहे हे खरे. ते लोखंडी काहिलीतूनही उतरते, म्हणून निरनिराळ्या तपासण्यांत १०० ग्रॅमला दोन-तीन मिलिग्रॅमपासून दहा-अकरापर्यंत आकडे आढळतात. वरचा आकडा धरला तरी २० ग्रॅमच्या खड्यात दोन मिलिग्रॅमच पडेल. प्रौढ स्त्रीसाठी भारतीय शिफारस दिवसाला २९ मिलिग्रॅमची आहे. ती गुळाने भरून काढायची तर पाव किलोहून अधिक गूळ रोज खावा लागेल. मुलीचा पंडुरोग गूळ-शेंगदाण्यावर सोपवून रक्ततपासणी पुढे ढकलू नये, एवढेच पालकांना आवर्जून सांगतो.

गूळ घेताना मात्र रंगावर जाऊ नये. फिकट पिवळा, चकचकीत गूळ पुष्कळदा सोडियम हायड्रोसल्फाइट घालून उजळवलेला असतो. बाजारात त्याला ‘हायड्रोस’ म्हणतात. आटवलेल्या रसाचा स्वाभाविक रंग तांबूस ते गडद तपकिरी. खडू मिसळल्याची शंका आली तर पेलाभर पाण्यात खडा विरघळवून तासभर ठेवावा. थोडी उसाची कणी सर्वच गुळात सापडते, पण तळाशी पांढरा थर बसला आणि त्यावर लिंबाचा रस टाकताच फसफस झाली, तर ते उसातून आलेले नव्हे.

मी स्वतः पुरणपोळीत गूळच पसंत करतो, कारण तो खमंगपणा साखरेला नाही. चवीसाठी गूळ निवडणे हे मला पूर्ण समर्थनीय वाटते. गुळाच्या चहात दूध नासते, अशी तक्रार सभेपूर्वी एका भगिनींनी केली. गूळ किंचित आम्लधर्मी असतो, त्यात क्षार असतात, आणि उकळत्या दुधातील प्रथिनांना हे दोन्ही एकदम सोसत नाही. चहा-दूध उकळून झाल्यावर भांडे आचेवरून उतरवावे, मिनिटभर थांबावे आणि मग किसलेला गूळ घालून ढवळावे. पुन्हा उकळी आणू नये.