गेजचा काटा आणि जांभळी कुपी

दारव्हा तालुक्यातल्या माझ्या छोट्या दवाखान्यात घडलेली एक गोष्ट सांगतो.

दर सोमवारी आम्ही ऑटोक्लेव्हमधल्या ड्रमच्या मधोमध, कापडाच्या घड्यांमध्ये एक कुपी ठेवतो. तिच्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे बीजाणू असतात. वाफेला ते फार चिवट, म्हणून कसोटीला तेच निवडले आहेत. सायकल झाली की कुपी थंड करायची, आतली काचेची नळी फोडून द्रव बीजाणूंवर सोडायचा आणि ती सुमारे 56 अंशांवर इनक्युबेटरमध्ये ठेवायची. द्रव जांभळाच राहिला तर बीजाणू मेले. पिवळा झाला तर जगले.

त्या बुधवारी कुपी पिवळी निघाली. सोमवारच्या नोंदी मात्र चोख होत्या. काटा 15 पौंडांवर होता, वेळ पूर्ण दिली होती, ड्रमवरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या होत्या.

मग चुकले कुठे? ड्रमच्या बाजूची शटर आत ठेवतानाच बंद झाली होती. ती सायकलभर उघडी हवीत, बाहेर काढल्यावर लगेच लावायची. शटर बंद असल्याने हवा आतच कोंडली आणि वाफ कापडापर्यंत पोहोचलीच नाही. काटा दाब सांगतो, तापमान नाही. 15 पौंडांवर निव्वळ वाफ 121 अंशांची असते. निम्मी हवा मागे राहिली तर त्याच दाबाला तापमान जेमतेम 112 भरते. टेप ड्रमच्या बाहेर होती, तिने बाहेरचीच उष्णता सांगितली. म्हणून आता प्रत्येक ड्रमच्या आत, मधोमध पाचव्या वर्गाची रासायनिक पट्टी असते. तिचा रंग वेळ, तापमान आणि वाफ तिन्ही जुळल्यावरच खुणेपार जातो.

त्या दिवशी आम्ही आधी यंत्रावर ‘वापरू नये’ अशी पाटी लावली. रजिस्टर काढून मागच्या जांभळ्या कुपीनंतरचे सगळे ड्रम परत घेतले, न उघडलेलेसुद्धा. ज्यांच्यासाठी ते वापरले गेले होते, त्या रुग्णांना बोलावून जखमा तपासल्या. ठरलेल्या छोट्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. मग शटर उघडी ठेवून, तोच भार आणि तीच सायकल लावून नवी कुपी घातली. ती जांभळी राहिली, तेव्हाच यंत्र पुन्हा वापरात आले. तीही पिवळी निघाली असती, तर मेकॅनिक बोलावून दुरुस्ती करून घेतली असती आणि रिकाम्या यंत्रात लागोपाठ तीन कुप्या जांभळ्या राहिल्याशिवाय ते वापरले नसते.

एक सावधगिरी राहिली. आपल्याकडे वीज जाते. इनक्युबेटर थंड पडला तर जिवंत बीजाणूही वाढत नाहीत, आणि जांभळा रंग खोटा दिलासा देतो. म्हणून त्याच लॉटची, ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली दुसरी कुपी शेजारी ठेवायची. ती पिवळी झालीच पाहिजे. नाही झाली, तर ती चाचणी रद्द समजायची.

समोर बसलेल्या डॉक्टर आणि सिस्टरांना एवढीच विनंती: उद्या ड्रम ठेवताना आधी शटर उघडी आहेत का ते पाहा, मग झाकण लावा.