नळीतील पाणी व तिची भिंत

विजेच्या तारेने सर्वत्र सारखी तापविलेली एक नळी कल्पावी: लांबी ४ मीटर, आतील व्यास अडीच सेंटिमीटर. दर चौरस मीटरास ४० किलोवॅट या मानाने तीतील पाण्यास एकूण सुमारे १२.६ किलोवॅट उष्णता मिळते. दर सेकंदास ०.३ किलोग्रॅम पाणी वाहत असता ते एक अंश तापविण्यास सव्वा किलोवॅट लागतो. म्हणून २० अंशांवर शिरलेले पाणी ३० अंशांवर बाहेर पडते. या हिशेबात प्रवाहाच्या खळबळीचा संबंधच येत नाही! तिचे कार्य निराळे. भिंतीलगतचे ऊन पाणी ती मध्यभागी ढवळते, म्हणूनच शेवटच्या टोकाशी भिंत पाण्याहून अवघी १४ अंश अधिक तापते. आत क्षाराचा थर साचला, तरी प्रवाह तेवढाच असेतो बाहेरचे पाणी ३० अंशच दाखवील. धातू मात्र अधिकाधिक तापत जाईल. यास्तव एक उष्णतामापक भिंतीवरही बसवावा लागतो.