रविवारी सकाळी, सोसायटीच्या सभागृहात

डोंबिवलीतल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या फलकावर रक्तदान शिबिराची सूचना लागली आहे. येत्या रविवारी, सकाळी 9 ते दुपारी 1, सोसायटीच्या सभागृहात. वय 18 ते 65, पहिल्यांदाच रक्त देणाऱ्यांसाठी 60 पर्यंत. वजन किमान 45 किलो. आधी रक्त दिले असेल तर पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवस उलटलेले असावेत. खाली ठळक अक्षरांत लिहिले आहे: उपाशीपोटी येऊ नये. महिना मेचा आहे. कॉलेजे बंद, निम्मी बिऱ्हाडे गावी गेलेली, आणि नेमक्या याच दिवसांत रक्तपेढ्यांमधला साठा आटतो. म्हणून कार्यकारिणीने शिबिरासाठी हाच महिना धरला.

एक वाजता दार बंद का, असे काहींनी विचारले. रक्ताच्या पिशवीतून प्लेटलेट्स वेगळ्या करायच्या, तर ते काम रक्त घेतल्यापासून साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. सकाळी नऊची पिशवी दुपारी रक्तपेढीत पोहोचली नाही, तर तिच्यातल्या प्लेटलेट्स रुग्णाच्या उपयोगी पडत नाहीत. म्हणून पावणेएकला धावत येण्यापेक्षा दहा वाजता नाश्ता करून आलेले बरे.

सूचना वाचून सर्वांत जास्त घाबरतात ते पहिल्यांदा येणारे. समजा, तिसऱ्या मजल्यावरची 22 वर्षांची एक मुलगी आली आहे. वजन 48 किलो. ‘एवढ्याशा अंगातून रक्त काढणार?’ ही तिच्या आजीची काळजी अगदी रास्त आहे, आणि तिला आकड्यांत उत्तर आहे. या वजनगटात दर किलोमागे आठ मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त घ्यायचे नाही, असा दंडक आहे. 48 किलोला हे होतात 384 मिलिलिटर. पिशवी असते 350ची. तिच्या अंगात रक्त साधारण तीन लिटर, म्हणजे जाते ते जेमतेम नवव्या हिश्श्याएवढे. त्यातला पाण्याचा भाग एकदोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशींना मात्र काही आठवडे लागतात, आणि 120 दिवसांची अट त्यासाठीच आहे.

आधी तिच्या बोटाला बारीक टोचून एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. तो पंधरा सेकंदांत बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबारा किंवा त्याहून जास्त आहे. तरंगत राहिला, तर तिला रक्त देता येणार नाही. काही ठिकाणी हेच काम छोटे यंत्र करते. अनेक मुली, बायका इथूनच परततात. त्यांनी ओशाळण्याचे काहीच कारण नाही. आपल्या अंगात लोह कमी आहे हे त्यांना फुकटात कळले, आता डॉक्टरकडे जावे.

मग डॉक्टर बाजूला घेऊन प्रश्न विचारतात. अलीकडे मलेरिया, कावीळ झाली होती का, गोंदवून घेतले आहे का, कुठली औषधे चालू आहेत. सोसायटीत सगळे एकमेकांच्या ओळखीचे, त्यामुळे एक गोष्ट कार्यकारिणीने आवर्जून पाळायला हवी: परत आलेल्या माणसाला ‘का हो, काय झालं?’ असे दारात कोणी विचारायचे नाही. शेजारी विचारतील या धाकाने माणूस खोटे उत्तर देतो, आणि त्याचा धोका रुग्णाला पोहोचतो. नुकताच झालेला संसर्ग चाचणीत दिसेलच असे नसते.

सुईतून रोग लागेल, ही दुसरी भीती. सुई पिशवीला जोडूनच येते, नवीन आणि बंद वेष्टनात. पिशवी भरली की नळी सील करून सुई कापून टाकतात. ती दुसऱ्याला लावायची सोयच नाही. रक्त काढायला पाचदहा मिनिटे लागतात.

चक्कर मात्र खरोखर येऊ शकते, आणि तरुण, कमी वजनाच्या, नवख्या दात्यांना जास्त. ती सांगून येते: जांभया, घाम, गार पडलेले हात, उतरलेला चेहरा. तेवढ्यात परिचारिकेला हाक मारावी. ती पाय उंच करून निजवते आणि बहुतेकदा थोड्याच वेळात बरे वाटते. येण्याआधी अर्धा लिटर पाणी प्यावे, खाटेवर पायांची अढी घालून मांड्या आवळत-सोडत राहावे. याने चक्कर टळायला मदत होते. नंतर झटकन उठू नये. चहा-बिस्किटे घेऊन दहापंधरा मिनिटे बसावे. कोपर दुमडण्याऐवजी हात सरळ ठेवून कापूस दाबला की काळेनिळे कमी होते. त्या दिवशी जड पिशव्या उचलू नयेत.

आणि घरी गेल्यावर एकदोन दिवसांत ताप आला, तर रक्तपेढीला फोन करून सांगावे. नंबर दात्याच्या कार्डावर असतो. पिशवी अजून कोणाला दिलेली नसेल, तर ती तिथेच थांबवता येते.