परिसंवादातील पहिली तीन मिनिटे

परिसंवादात वक्त्यास आरंभी बहुधा तीनच मिनिटे मिळतात. संथ व स्पष्ट बोलावयाचे तर तेवढ्यात सव्वातीनशेच्या आसपास शब्द मावतात. एक प्रतिपादन आणि त्याचे दोन आधार यांहून अधिक काही त्यांत बसत नाही.

समजा, आजऱ्यास घनसाळ तांदुळावर परिसंवाद आहे आणि वक्ता तेथीलच एक शेतकरी आहे. ह्या सुवासिक तांदुळास 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ‘घनसाळ हे आजऱ्याचे भूषण होय,’ हे वाक्य त्याच्या ओठांवर प्रथम येईल. पण ते प्रतिपादन नव्हे, कारण सभेत त्यास नाही म्हणणारा कोणी निघणार नाही. ‘घनसाळ पिकविणाऱ्या प्रत्येकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवावे,’ असे तो म्हणाला की शेजारचा वक्ता लागलीच खर्चाची व खटाटोपीची गोष्ट काढील. प्रतिपादन सापडल्याची खूण ती हीच.

आता आधार. पहिला कायद्याचा: मानांकन संस्थेच्या नावे झाले, तरी ते नाव मालावर घालण्याचा हक्क कायद्याने नोंदलेल्या वापरकर्त्यासच दिला आहे. दुसरा म्हणून त्याने प्रथम लिहिले, ‘नोंद नसेल तर नकली मालाविरुद्ध दाद मागता येत नाही.’ येथेच बहुतेक वक्ते फसतात. हा आधार दुसरा नव्हेच. पहिल्याचीच ती पाठची बाजू आहे. एक आधार खोडून पाहावा. दुसरा उभा राहिला तरच ते दोन. म्हणून त्याने तो बदलून बाजाराचा घेतला: सुवास खरा कळतो तो भात शिजल्यावर, पोत्यातील बारीक दाणा पाहून पुण्याचा गिऱ्हाईक तो कोणत्या शिवारातला हे ओळखू शकत नाही. त्याला विश्वास ठेवावा लागतो तो नावावरच. उद्या कायदा पालटला, तरी हे खरेच राहील.

वेळेची वाटणी अशी: वीस सेकंदांत प्रतिपादन, सत्तर सेकंद पहिल्या आधारास, तितकेच दुसऱ्यास, आणि उरलेल्या विसांत प्रतिपादन पुन्हा, त्याच शब्दांत. ‘व्यासपीठावरील मान्यवर’ यांची नावे घेत बसल्यास अर्धे मिनिट सहज जाते आणि कात्री लागते ती नेमकी दुसऱ्या आधारास. म्हणून वंदन एका वाक्यात आटोपावे. घड्याळ लावून मोठ्याने वाचताना दोन मिनिटे पन्नास सेकंद भरले पाहिजेत. सभेत माणूस थांबतो, अडखळतो, त्यासाठी दहा सेकंद शिल्लक हवेत.

घनसाळचे उंच रोप वाऱ्यापावसात लोळते, उतारा कमी पडतो, हेही त्या शेतकऱ्यास सांगावयाचे असते. ते त्याने कागदाच्या पाठीवर लिहून ठेवावे. कोणी विचारील तेव्हा कामास येईल.